लाल वर्तुळाबाहेरचं वाक्य

गेल्या पावसाळ्यात एका तरुण वकिलाने पाठवलेल्या कायदेशीर नोटिशीचा फोटो म्हापशातल्या आमच्या वकीलमंडळींत या फोनवरून त्या फोनवर फिरत होता. नावं खोडलेली होती, पण लिहिणारा कोण ते दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. कुणीतरी लाल शाईने अकरा ठिकाणी वर्तुळं काढली होती. कुठे ‘द’ गाळलेला, कुठे नको तिथे घातलेला, एका जागी ‘पर्स्युअंट टू’ऐवजी ‘इन पर्स्युअंट ऑफ’. बार रूममध्ये लगेच दोन तट पडले. एक तट म्हणे, ज्यांना ‘ए’ आणि ‘द’ कळत नाही त्यांनी इंग्रजीत नोटिसा लिहूच नयेत, अशाने तालुक्याची अब्रू जाते. दुसरा म्हणे, अर्थ कळला ना? मग झालं. इंग्रजी काय आपल्या बापजाद्यांची भाषा आहे? चहा दोनदा आला, दोनदा संपला, आणि नोटीस मुळात काय म्हणत होती हे कोणीच वाचलं नाही.

मी वाचली. अकरापैकी नऊ चुका अशा होत्या, की तशाच राहिल्या असत्या तरी कोणाच्या हक्काला केसाएवढा धक्का लागला नसता. दोन चुका थांबून विचार करण्याजोग्या होत्या. आणि ज्या वाक्याने त्या पोराने स्वतःच्याच अशिलाची बाजू उचलून समोरच्याच्या हातात दिली होती, त्या सातव्या परिच्छेदातल्या वाक्याभोवती वर्तुळच नव्हतं. कारण त्याचं व्याकरण चोख होतं. त्यामुळे मला दोन्ही तट चुकलेले दिसतात. वर्तुळं काढणारे चुका मोजतात आणि ‘अर्थ कळला ना’ म्हणणारे चुका माफ करतात. पण या चुकीने कोणाचा हक्क जागचा हलला, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. परक्या भाषेत मसुदा लिहिणाऱ्याच्या बहुतेक चुका निरुपद्रवी असतात. ज्या थोड्या घातक असतात त्या कानाला खटकत नाहीत.

आधी ‘अर्थ कळला ना’वाल्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती वाटते त्याहून भक्कम आहे. इंग्रजी कायद्यातलं एक जुनं लॅटिन वचन सांगतं, की वाईट व्याकरणाने दस्तऐवज बाद होत नाही. कोर्ट कागद अखंड वाचतं, पक्षकारांना काय म्हणायचं होतं ते शोधतं, एखादा ‘द’ गळाला म्हणून विक्रीखत फेकून देत नाही. इतिहासही त्यांच्याच बाजूचा आहे. नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या वकिलांनी काही शतकं मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये कारभार हाकला. ती कोणाचीच मातृभाषा उरली नव्हती, लिंग-वचनाचा पत्ता नव्हता, शब्द आठवला नाही की सरळ इंग्रजी शब्द ठोकून द्यायचे. १३६२ साली तिसऱ्या एडवर्डच्या काळात कायदा झाला, की लोकांना फ्रेंच कळत नाही, तेव्हा कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिला! १६३१ साली सॉल्सबरीच्या कोर्टात शिक्षा झालेल्या एका कैद्याने न्यायाधीशाला वीट फेकून मारली. त्याची नोंद जुन्या रिपोर्टात अशी सापडते, की त्याने ‘झेक्ट अं ब्रिकबॅट’ आणि ती ‘नॅरोली मिस्ट’. निम्मी फ्रेंच, निम्मी इंग्रजी. असल्या भाषेवर इंग्रजांचा जमिनीचा कायदा उभा राहिला, तोच पुढे आपल्यापर्यंत आला. मग म्हापशातल्या एका नोटिशीत ‘द’ नाही म्हणून एवढा शिमगा कशाला?

पण त्या लॅटिन वचनाचा पुढचा अर्धा भाग सहसा कोणी उद्धृत करत नाही. तो म्हणतो, की असं असलं तरी दस्तऐवजांच्या बाबतीत वाईट व्याकरण होता होईतो टाळावं. आणि मोडक्या फ्रेंचवर काम भागलं ते कशामुळे? क्रियापदं, लिंगं, अव्ययं कशीही वाकली, तरी हक्काचे म्हणून जे पंधरावीस शब्द होते ते त्या वकिलांनी दगडासारखे पक्के ठेवले होते. विटेची गोष्ट कशीही सांगा, मालकीची गोष्ट तशी सांगून चालायचं नाही.

आता ‘सब्जेक्ट टू’कडे येतो. इथे सांगायची गोष्ट माझ्याच चुकीची आहे. वकिलीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बार्देश तालुक्यातल्या एका प्लॉटच्या विक्रीचा करार मी लिहिला. आकडे बदलून सांगतो. किंमत चाळीस लाख, त्यातले दहा लाख विसार म्हणून दिलेले, उरलेले सहा महिन्यांत. जमीन शेतीची होती, म्हणून विक्रेत्याने जमीन महसूल संहितेच्या कलम ३२ खाली रूपांतराची सनद आणून द्यायची होती. करारात दोन कलमं महत्त्वाची होती. कलम ९ प्रमाणे सनद मिळाली नाही तर खरेदीदाराला विसार परत मिळणार. कलम १४ प्रमाणे खरेदीदाराने मुदतीत बाकी दिली नाही तर विसार जप्त. साहजिक प्रश्न येतो, की सनदही आली नाही आणि मुदतही उलटली तर दहा लाख कोणाचे? माझा अशील खरेदीदार होता. दोन्ही पक्षांचं तोंडी ठरलं होतं, की आधी सनद. सनदच नसेल तर जप्ती नाही. म्हणजे कलम १४ ने कलम ९ पुढे मान तुकवायची.

मनात मी मराठीत विचार केला, ‘कलम ९ च्या अधीन राहून कलम १४ लागू होईल.’ बरोबर होतं. मग इंग्रजीत लिहिताना शब्द त्याच क्रमाने उतरले. आधी कलम ९, मग ‘सब्जेक्ट टू’, मग कलम १४. ‘क्लॉज नाईन शॅल बी सब्जेक्ट टू क्लॉज फोर्टीन.’ वाक्य सुरेख, ‘शॅल’ जागच्या जागी, वाचताना कुठेही ठेच लागत नाही. आणि अर्थ बरोब्बर उलटा! आता विसार परत मिळण्याचा हक्कच जप्तीच्या कलमाखाली दबला. मराठीत ‘च्या अधीन’ हे शेपूट वरचढ कलमाला चिकटतं आणि ते कलम वाक्यात आधी येतं. इंग्रजीत ‘सब्जेक्ट टू’ च्या नंतर जे येतं ते वरचढ. शब्दांचा क्रम मराठीचा ठेवला आणि जोडणारा शब्द इंग्रजीचा घेतला, की मालक आणि कूळ यांची जागा बदलते. ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेल्याच्या हातून या वाटेने होणार नाही. ती आपल्याच वाट्याची चूक आहे, आणि शाळेतल्या व्याकरणाच्या कोणत्याही पेपरात ती पकडली जात नाही.

ती पकडली ती आमच्या ऑफिसातल्या वयस्क कारकुनांनी. आम्ही सगळे त्यांना भाई म्हणायचो. पोर्तुगीज अमदानीत शाळा शिकलेले, इंग्रजी पुढे कामापुरतं उचललेलं. सह्यांच्या आदल्या संध्याकाळी ते मसुदा टाइप करून घेऊन आले, पेन्सिलीचं टोक त्या ओळीवर ठेवलं आणि म्हणाले, “वकीलसाहेब, ह्यात वरचढ कोण आणि पडतं घेणारं कोण, तेवढं मला मराठीत सांगा.” मी सांगितलं. ते म्हणाले, “मग इथे उलटं लिहिलंय.” मी तावातावाने वाचायला घेतलं आणि अर्ध्यातच गप्प झालो.

ती ओळ तशीच राहिली असती तर काय झालं असतं? सनद अडकली असती, मुदत गेली असती, विक्रेत्याने दहा लाख ठेवून घेतले असते. आम्ही कोर्टात म्हटलं असतं, की तोंडी ठरलं होतं ते असं नव्हतं. पण लेखी कराराच्या मजकुराला छेद देणारा तोंडी पुरावा सहसा आत येऊ दिला जात नाही. पुरावा कायदा जुना असो वा १ जुलै २०२४ पासूनचा नवा भारतीय साक्ष्य अधिनियम, तत्त्व तेच आहे. मजकूर संदिग्ध असता तर काही बोलायला जागा होती. माझं वाक्य संदिग्धही नव्हतं, ते स्वच्छपणे चुकीचं होतं. उरतो तो विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम २६ खाली कागद दुरुस्त करून घेण्याचा दावा. त्यात दाखवावं लागतं, की चूक दोन्ही पक्षांची होती किंवा फसवणूक झाली होती. ज्याच्या खिशात दहा लाख पडले आहेत तो कशाला म्हणेल, की माझीही चूक होती?

‘सब्जेक्ट टू’ हे दोन शब्द किती वजन पेलतात हे ज्याला पाहायचं असेल त्याने राज्यघटनेचा अनुच्छेद २४६ काढावा. संसदेने कशावर कायदे करायचे आणि राज्यांनी कशावर, ही सगळी विभागणी तिथे आहे, आणि ती उभी आहे ती दोनच शब्दप्रयोगांवर. पहिल्या खंडाची सुरुवात ‘नॉटविथस्टँडिंग’ने होते, म्हणजे खालच्या खंडांत काहीही असलं तरी संसद वरचढ. तिसऱ्या खंडाची सुरुवात ‘सब्जेक्ट टू’ने होते, म्हणजे राज्याचं विधिमंडळ वरच्या दोन्ही खंडांना पडतं घेणार. मधल्या खंडात दोन्ही शब्दप्रयोग एकाच वाक्यात आहेत, एकापुढे वरचढ आणि दुसऱ्यापुढे नमतं. कल्पना करा, मसुदा लिहिणाऱ्याने या दोन शब्दांची अदलाबदल केली असती तर? व्याकरण तेवढंच शुद्ध राहिलं असतं आणि देश वेगळा झाला असता. सर्वोच्च न्यायालयाने साठच्या दशकातच सांगून ठेवलं आहे, की ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे एका तरतुदीने दुसऱ्या तरतुदीला जागा करून देणं. भाईंचं ‘पडतं घेणं’ याहून वेगळं काय होतं?

‘पर्स्युअंट टू’चं दुखणं वेगळं आहे आणि त्या मानाने लहान. ‘इन पर्स्युअंट ऑफ’ लिहिलं तर हसू येतं, पण नुकसान होत नाही. लाल वर्तुळ तिथे होतं ते निव्वळ शोभेचं. नुकसान होतं ते ‘पर्स्युअंट टू’ अगदी शुद्ध लिहून त्याचा अर्थ ‘नंतर’ असा धरल्यावर. आपल्याकडे हा शब्द वजनदार वाटतो म्हणून ‘आफ्टर’च्या जागी वापरायची खोड आहे. समजा, घराच्या विक्रीचा करार झाला, आणि आठ दिवसांनी मालकाने भिडेखातर किल्ली दिली, की जरा झाडलोट करून घ्या, माडाच्या झावळ्या पडल्यात त्या काढा. पुढे पत्रात वकिलाने लिहिलं, ‘पर्स्युअंट टू द ॲग्रीमेंट’ ताबा दिला. झाला घोटाळा. करारानंतर दिलेली किल्ली ही करारानुसार दिलेला ताबा बनली. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ए खाली, लेखी करारापोटी ताबा घेतलेल्या आणि आपला वाटा पार पाडायला तयार असलेल्या खरेदीदाराला त्या ताब्यापुरतं संरक्षण मिळतं. २००१ पासून त्यासाठी करार नोंदणीकृत असावा लागतो, एवढी एक आडकाठी आहे. करार नोंदवलेला असेल तर मालकाने आपल्याच वकिलाच्या हाताने आपल्या घराचं दार उघडून दिलं. मराठीत ‘करारानंतर’ आणि ‘करारानुसार’ यांत कोणी गफलत करत नाही, चौथीतलं पोरही करणार नाही. इंग्रजीतल्या भारदस्त शब्दाने ती आपल्याकडून करवून घेतली.

आता ‘ए’ आणि ‘द’. मराठीत हे नाहीत, म्हणून आपल्याकडून ते गळतात, एवढं सगळे सांगतात. पण त्यांचं काम मराठीत कोण करतं, हे फारसं कोणी सांगत नाही. ‘तो’, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘एखादा’, ‘कोणताही’ हे शब्द ते काम करतात, आणि पुष्कळदा संदर्भच करतो. संख्या दाखवायला तर नुसता एक अनुस्वार पुरतो. ‘मुंडकाराच्या हक्काच्या अधीन राहून’ आणि ‘मुंडकारांच्या हक्काच्या अधीन राहून’ यांत फरक आहे तो एका टिंबाचा. घाईत टाइप करताना तो गेला, की आपली भाषाही इंग्रजीइतकीच दगा देते.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण गोव्यात जमिनीच्या कागदांत ते पदोपदी येतं. भाटकाराच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा मुंडकार हा १९७५ च्या कायद्याने संरक्षित आहे. त्याला सहजासहजी काढता येत नाही, आणि राहतं घर विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. जमीन विकली तरी हे हक्क जमिनीबरोबर जातात. आता विक्रीखतात एक ओळ अशी आहे असं धरा: ‘द प्रॉपर्टी इज सोल्ड सब्जेक्ट टू राइट ऑफ मुंडकार.’ लाल शाईवाला इथे दोन वर्तुळं काढेल, ‘राइट’च्या आधी आणि ‘मुंडकार’च्या आधी. आणि दोन्ही ठिकाणी ‘द’ घालून मोकळा होईल. पण थांबा. खरेदीदाराने जागा पाहिली तेव्हा त्याला रस्त्यालगतचं एक घर दाखवलं होतं. काजूच्या झाडांमागे आणखी दोन घरं आहेत, ती त्याला सहा महिन्यांनी कळली. तो म्हणतो, मला एकच मुंडकार सांगितला. विक्रेता म्हणतो, मी मुंडकारी हक्क सांगितला, त्यात जितके असतील तितके आले. विक्रेत्यावर मालकीतले महत्त्वाचे दोष उघड करण्याची जबाबदारी आहे. ती त्याने पार पाडली की नाही, हे आता त्या ओळीच्या वाचनावर ठरणार. ‘द मुंडकार’ म्हणजे तो दाखवलेला एक. ‘ए मुंडकार’ म्हणजे कोणीतरी एक. ‘मुंडकार्स, इफ एनी’ म्हणजे असतील तेवढे सगळे, आणि खरेदीदाराची तक्रार तिथेच संपली.

तेव्हा गाळलेला ‘द’ भरणं ही शुद्धलेखनाची दुरुस्ती नव्हे. त्या दोन मुंडकारांचा बोजा कोणाच्या डोक्यावर, याचा तो निवाडा आहे. तो निवाडा कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या भाच्याने शनिवारी दुपारी बसून करायचा? त्याला व्याकरण येत असेल, पण जागेवर किती घरं आहेत हे त्याला ठाऊक नाही. वर्तुळं काढणाऱ्यांवर माझा खरा राग आहे तो यासाठी. न विचारता ‘द’ घालणारा माणूस ‘द’ गाळणाऱ्यापेक्षा जास्त धोकादायक असतो. गाळलेल्या जागी निदान शंका तरी शिल्लक राहते. घातलेला ‘द’ शंका पुसून टाकतो.

आणखी एक गंमत. आपल्याकडच्या छापील मसुद्यांत शेवटी एक ओळ असते, की एकवचनात अनेकवचन धरावं. कायद्यांसाठी ही सोय १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम १३ ने केली आहे, तिची नक्कल आपण खाजगी खतांतही करतो. वर सांगितलेल्या खतात ती असेल, तर एका मुंडकाराचे तीन करायला विक्रेत्याला आयताच आधार मिळाला. खरेदीदाराच्या वकिलाने ती ओळ स्वतःच टाइप केलेली असते!

‘द’ची ही भानगड फक्त आपल्यासारख्यांची आहे असं मानायचंही कारण नाही. नोव्हेंबर १९६७ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २४२ मंजूर केला. मसुदा ब्रिटिश प्रतिनिधीचा, म्हणजे इंग्रजी भाषेच्या घरचा. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं त्यात म्हटलं आहे, पण ‘टेरिटरीज’च्या आधी ‘द’ नाही. फ्रेंच पाठात मात्र त्या भाषेच्या रीतीप्रमाणे आर्टिकल आलंय. सगळ्या प्रदेशांतून की काही प्रदेशांतून, हा वाद त्या एका ‘द’च्या रिकाम्या जागेवर आजपर्यंत चालू आहे. आणि २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका स्थलांतरिताचं प्रकरण आलं. ‘ए नोटीस’ मिळाल्यावर त्याच्या वास्तव्याची वर्षं मोजणं थांबतं, असा कायदा. सरकारने आवश्यक माहिती दोन वेगवेगळ्या कागदांतून पाठवली होती. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालय म्हणालं, ‘ए नोटीस’ म्हणजे एक नोटीस, सगळी माहिती असलेला एकच कागद. ‘ए’ या एका अक्षरावर त्या देशाच्या सरकारचा मुद्दा पडला. तिथल्या सरकारी वकिलांना काय इंग्रजी येत नव्हतं?

दुसऱ्या तटाला एक गोष्ट मनापासून मान्य करतो. या थट्टेत जातिवंत शिष्टपणा आहे. बड्या घरचा वकील ‘द’ विसरला तर ती टायपिस्टची चूक ठरते, पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या मराठी शाळेतून आलेला विसरला तर ती त्याची लायकी ठरते. आणि गोव्यात तर कोणाच्या इंग्रजीवर कोणत्या भाषेची छाप आहे हेही वेगवेगळं. भाईंच्या इंग्रजीत ‘द’ कमी पडत नसे, उलट ऊतू जात असे, ‘द मिस्टर नाईक’ म्हणण्यापर्यंत. पोर्तुगीजमध्ये माणसाच्या उल्लेखाआधीही आर्टिकल लावतात, ती सवय हातात बसलेली. माझ्या इंग्रजीत कमी, त्यांच्यात जास्त. एकाच टेबलावर दोन अमदानींच्या चुका समोरासमोर बसायच्या. त्यावर हसायचं तर सगळ्यांनाच हसावं लागेल. पण थट्टा वाईट आहे म्हणून चूक चांगली ठरत नाही, आणि मराठी शाळेचा अभिमान दहा लाखांचा विसार परत आणून देत नाही. गरीब अशिलाला तर दुसरा वकील करायचीही ऐपत नसते.

काही मित्र म्हणतात, मग हे सगळे कागद मराठीतच का करू नयेत? राजभाषा कायद्याने १९८७ पासून कोकणीबरोबर मराठीच्या वापरालाही वाट ठेवली आहे, आणि नोंदणी कायदा जिल्ह्यात चालणाऱ्या भाषेतला कागद नाकारत नाही. मला ते आवडेल. पण अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, कर्ज देणारी बँक इंग्रजी कागद मागते, आणि निम्मे खरेदीदार मुंबई-दिल्लीहून आलेले असतात. पर्वरीला उच्च न्यायालयात अपील गेलं की तुमच्या मराठी खताचं कोणीतरी भाषांतर करणारच, आणि त्या भाषांतरकाराच्या हातून ‘च्या अधीन’ उलटं पडलं तर? धोका तोच, फक्त तो तुमच्या टेबलावरून उठून अनोळखी माणसाच्या टेबलावर जातो.

म्हणून मी मधलं काहीतरी करत आलो आहे. इंग्रजी मसुदा तयार झाला, की त्यातला प्रत्येक ‘सब्जेक्ट टू’ आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ पेन्सिलीने हेरायचा आणि समासात मराठीत लिहायचं, वरचढ हा, पडतं घेणार हा. ‘पर्स्युअंट टू’ दिसला की समासात ‘नुसार’ लिहून पाहायचं. तिथे ‘नंतर’ म्हणायचं असेल तर तो शब्द खोडायचा. हक्क, बोजा, रस्ता, मुंडकार, वारस यांच्या आधी ‘द’ आहे की नाही यावर डोकं खाजवत न बसता त्या गोष्टी मोजून लिहायच्या: कोण, कितवं घर, किती चौरस मीटर, नकाशावर कुठल्या रंगात, आणि याखेरीज दुसरा कोणी नाही. तीन घरं मोजून लिहिली की ‘द’ असला काय आणि नसला काय. बाकीच्या गळालेल्या ‘द’ आणि ‘ए’ ना मी वेळ असला तर हात लावतो, नसला तर जाऊ देतो. एका दहा पानी खताला अर्धा तास पुरतो. लाल वर्तुळं काढायलाही तेवढाच लागतो म्हणा.

त्या तरुण वकिलाला मी रात्री फोन केला. बिचारा आधीच शरमलेला होता. म्हणाला, “सर, अकराच्या अकरा चुका दुरुस्त केल्या. सुधारित नोटीस उद्या स्पीड पोस्टाने टाकतो.” मी म्हटलं, टाकू नकोस, आधी सातवा परिच्छेद काढ. तिथे लिहिलं होतं, की आमच्या अशिलाचा विसार परत मिळण्याचा हक्क मुदतीच्या कलमाला ‘सब्जेक्ट टू’ आहे. मी विचारलं, “ह्यात पडतं कोणी घ्यायचं?” बराच वेळ फोनवर नुसता कागदांचा आवाज. मग तो हळूच म्हणाला, “सर, ते करारात कसं आहे ते पाहावं लागेल.” मी म्हटलं, करारही पाहा, आणि सकाळी अशिलालाही बोलावून घे.